भाऊबीज नक्की कधी?

2022 च्या दिवाळीत पाडवा 26 ऑक्टोबरला आहे एवढंच मी ऐकलं होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणून 27 ला सकाळी पोहोचेन असं तिकीट काढलं. 26 ला दुपारी दादाचा फोन आला, "अगं, ओवाळायला कधी येतेस? भाऊबीज आजच आहे!"

तुमच्याकडेही असा घोळ झालाय का? मग हे वाचाच.

आपला दिवस सूर्योदयापासून मोजतात, पण तिथी सूर्योदयाची वाट बघत नाही. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग घड्याळात दुपारचे तीन वाजलेले का असेनात. शिवाय चंद्राचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे एखादी तिथी 20 तासांच्या आत आटपते, तर एखादी 26 तासांपर्यंत लांबते.

आता गंमत अशी, की दिवाळीच्या प्रत्येक सणाला ती तिथी वेगळ्या वेळी हवी असते. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे, लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळी, पाडव्याला प्रतिपदा सूर्योदयाला आणि भाऊबीजेला द्वितीया दुपारनंतर, अपराह्णात.

2022 मध्ये हेच झालं. 24 ऑक्टोबरच्या पहाटे चतुर्दशी होती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अमावस्या लागली. म्हणून पहाटे उटणं आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, दोन्ही एकाच दिवशी. 25 ला दुपारी सव्वाचारनंतर प्रतिपदा सुरू झाली, पण सूर्योदय तर केव्हाच होऊन गेला होता! तो दिवस मधेच रिकामा राहिला. (नेमकं त्याच संध्याकाळी सूर्यग्रहणही होतं.) 26 ला सूर्योदयाला प्रतिपदा मिळाली, म्हणून पाडवा. ती पावणेतीनला संपली आणि त्याच दुपारी द्वितीया लागली, म्हणून भाऊबीजही तेव्हाच. 27 ला द्वितीया दुपारी पाऊणच्या सुमारास संपत होती, म्हणजे अपराह्ण सुरू व्हायच्या आधीच. माझी गाडी वेळेवर पोहोचली, तिथी मात्र थांबली नाही.

कधी तिथी दोन संध्याकाळींना पुरते, तेव्हा वाद होतो. 2024 मध्ये अमावस्या 31 ऑक्टोबरला दुपारी चारच्या आधी लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहापर्यंत होती. मुंबईत सूर्य मावळतो सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळीही जेमतेम दहा मिनिटं अमावस्या उरली होती. उत्तरेत बहुतेकांनी पहिली संध्याकाळ धरली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी, दोन्ही दिवशी प्रदोषात अमावस्या असेल तर दुसरा दिवस घ्यायचा, या नियमाने 1 तारीख दिली. म्हणून लखनौच्या काकूंचं आणि पुण्याच्या आत्याचं लक्ष्मीपूजन वेगवेगळ्या दिवशी झालं, आणि चूक कुणाचीच नव्हती.

यंदा तिकीट काढण्याआधी पंचांगात द्वितीया कधी लागते आणि कधी संपते, त्या दोन वेळा बघा. आणि ज्याला ओवाळायचंय, त्याच्या घरी कोणतं पंचांग पाळतात तेही विचारून घ्या.