स्टोअरमधला माल, बँकेची उचल आणि उसाचे बिल



वार्षिक सर्वसाधारण सभेची वेळ आली की ताळेबंद घरोघर पोचतो. पुष्कळ सभासद त्यातला उसाचा दर तेवढा पाहतात आणि कागद बाजूला ठेवतात. त्याच ताळेबंदात 'स्टोअर्स व सुटे भाग शिल्लक' अशी एक ओळ असते. तिच्यापुढचा आकडा कोटीत असतो. उसाचे बिल लांबले की कोणीतरी उठून विचारतो, "इतका माल स्टोअरात पडून आहे अन् आमच्या उसाला पैसे नाहीत, हे कसं?" प्रश्न रास्त आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास त्यावर द.सा.द.शे. १५ टक्के व्याज लागते. म्हणून स्टोअरच्या मालातून खरोखर किती पैसा मोकळा होऊ शकतो, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

स्टोअरात हजारो वस्तू असतात. सगळ्यांवर सारखीच नजर ठेवणे कोणत्याही स्टोअरकीपरला जमणारे नाही. यासाठी ए-बी-सी वर्गवारी करतात. प्रत्येक वस्तू वर्षभरात किती नग लागली ते पाहायचे, तिला दराने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे यादी लावायची. साधारण असे दिसते की वरच्या दहाएक टक्के वस्तूंतच खर्चाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग असतो. तो 'ए' वर्ग. मधला 'बी'. आणि शेपटीला नटबोल्ट, पॅकिंग, गॅस्केट, वेल्डिंग रॉड अशा शेकडो वस्तू, ज्यांचा सगळा मिळून खर्च दहा टक्क्यांच्या आत असतो, तो 'सी' वर्ग. साखर कारखान्यात वरच्या वर्गात बारदान, गंधक, चुना, वंगण आणि मिलचे मोठे भाग येतात.

आता दुसरा विचार. जपानमधल्या टोयोटा मोटार कारखान्याने रूढ केलेली पद्धत अशी की लागेल तेवढाच माल, लागेल तेव्हाच दारात यावा. तिला 'जस्ट इन टाइम' म्हणतात. ही कल्पना आपल्याला नवी नाही. ऊस आपण याच रीतीने आणतो. महिनाभराचा ऊस तोडून कोणी आवारात रचून ठेवत नाही. तोडणी कार्यक्रम लागतो, टोळ्या फडात जातात आणि गव्हाणीला लागेल तसा ऊस वजनकाट्यावर येतो. या पद्धतीचे दुखणेही आपल्याला ठाऊक आहे. मिल बंद पडली की गाड्यांची रांग लागते आणि ऊस वाळतो. टोयोटालाही ते भोवले. फेब्रुवारी १९९७ मध्ये ब्रेकचा एक लहान भाग पुरवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि हाताशी साठा नसल्याने टोयोटाचे मोटारींचे कारखाने काही दिवस बंद राहिले.

तेव्हा कोणता माल असा आणायचा आणि कोणता नाही, हे ठरवणे महत्त्वाचे. बारदानाचे उदाहरण घेऊ. रोज ५,००० टन गाळणारा, १५० दिवस चालणारा आणि ११ टक्के उतारा असणारा कारखाना धरू. त्याची रोजची साखर ५५० टन, म्हणजे ५० किलोची ११,००० पोती. हंगामात साडेसोळा लाख पोती लागतील. पोत्याला सरासरी ३० रुपये धरले तर रोजचे ३ लाख ३० हजार आणि हंगामाचे ४ कोटी ९५ लाख रुपये होतात.

पहिली रीत अशी की मोळी पडण्याआधीच सगळे बारदान गोडाऊनला घ्यायचे आणि पैसे रोख द्यायचे. दुसरी रीत अशी की दराचा करार पूर्ण हंगामाचा एकदाच करायचा, मात्र पुरवठा टप्प्याटप्प्याने घ्यायचा. सुरुवातीला २५ दिवसांची पोती आणि पुढे दर पंधरवड्याला पंधरा दिवसांची. म्हणजे ट्रक आला त्या दिवशी निदान १० दिवसांची पोती हाताशी शिल्लक असतात. या रीतीने पैसे सरासरी ५८ दिवस उशिरा बाहेर पडतात. व्याज १२ टक्के धरले तर हंगामात सुमारे साडेनऊ लाख रुपये वाचतात.

साडेनऊ लाख ऐकायला मोठे वाटतात. साडेसात लाख टन उसावर वाटले तर टनाला सव्वा रुपया पडतो. हा सव्वा रुपया सोडू नये, पण यातून उसाचा दर वाढेल असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वासही ठेवू नये.

हीच रक्कम पोत्यामागे सुमारे ५७ पैसे येते. पुरवठादाराने हप्त्याहप्त्याने माल देण्यासाठी पोत्याचा भाव याहून जास्त वाढवला, तर सगळा फायदा त्याच्या खिशात गेला. उधारीचेही तसेच. समजा एकदम मोठी खरेदी केल्यास पुरवठादार ६० दिवसांची उधारी देतो आणि हप्त्याने घेतल्यास रोख मागतो. मग पहिल्या रीतीत पैसे ६० व्या दिवशी जातात, दुसरीत सरासरी ५८ व्या. फायदा संपला! गोडाऊन रिकामे दिसेल, पण व्याजाचा रुपयाही वाचणार नाही. म्हणून संचालक मंडळाने निविदा उघडताना भावाच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा, असे आमचे मत आहे. पैसे सरासरी कितव्या दिवशी द्यावे लागतील, हे त्यात लिहावे.

बँकेची बाजू याहून जास्त समजून घेण्यासारखी आहे. स्टोअरचा माल बँकेकडे नजरगहाण असतो. त्यावर बँक पूर्ण रक्कम देत नाही, काही भाग कारखान्याचा स्वतःचा असावा लागतो. त्याला आपण दुरावा म्हणतो. दुरावा २५ टक्के धरू. ४ कोटी ९५ लाखांचे बारदान हंगामाआधी भरले तर बँक ३ कोटी ७१ लाख देईल आणि १ कोटी २४ लाख आपले गुंततील. दुसऱ्या रीतीत सुरुवातीचा साठा फक्त ८२ लाख ५० हजारांचा असेल. माल ४ कोटी १२ लाखांनी कमी झाला, म्हणून तेवढे पैसे उसाच्या बिलाला मिळाले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. माल कमी झाला की त्यावरची उचलही कमी होते, कारण बँक दरमहा साठ्याचे पत्रक घेऊन त्यावरूनच उचल ठरवते. आपल्या हाती मोकळा राहतो तो दुराव्याचा भाग, १ कोटी ३ लाख. टनाला ३,००० रुपये धरले तर हे पैसे साडेतीन हजार टनांनाही पुरत नाहीत, म्हणजे एका दिवसाच्या गाळपाचेही बिल भागत नाही. आणि उधारीवर आलेला माल तर बँक उचलीला धरतच नाही. देणे वजा करूनच ती हिशेब करते.

म्हणजे साठा कमी केल्याने व्याज वाचते ते पूर्ण रकमेवर, रोकड सुटते ती फक्त दुराव्याएवढी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की उसाच्या बिलाची तारीख चुकीच्या भरवशावर जाहीर होते आणि मग चौदाव्या दिवशी धावाधाव होते.

चुना आणि गंधक यांनाही हप्त्याची रीत सोसते. टनामागे दीड-दोन किलो चुना आणि अर्ध्या किलोच्या आसपास गंधक लागते, खप रोजचा आणि सारखा असतो. चुना तर साठवून ठेवला की हवेतला ओलावा घेऊन विरतो, त्यामुळे तो ताजा घेतलेलाच बरा. बारदानात मात्र हात फार आखडू नये. पोती संपली तर साखर हॉपरमध्ये साठते, सेंट्रिफ्यूगल थांबतात, मागे पॅन भरून राहतात आणि शेवटी मिल उभी करावी लागते. ज्यूटची पोती बंगालकडून येतात, प्लास्टिक विणीची जवळून मिळतात. दोहोंना एकच दहा दिवसांचा राखीव साठा धरू नये. मागच्या काही हंगामांत ट्रक जास्तीत जास्त किती दिवस उशिरा आला ते आवक रजिस्टरमध्ये लिहिलेले असते. त्यावरून राखीव दिवस ठरवावेत.

मिलच्या सुट्या भागांना ही रीत लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'सी' वर्गातली शे-दोनशे रुपयांची गॅस्केट ऐन हंगामात नसली आणि मिल तासभर थांबली, तर दोनशे टनांवर गाळप बुडते. असा माल भरपूर ठेवावा, त्यात पैसा अडकत नाही. मिलच्या रोलर शाफ्टची गोष्ट आणखी वेगळी. तो वर्षानुवर्षे लागत नाही, त्यामुळे खपाच्या यादीत तो तळाला 'सी'मध्ये दिसतो. पण किमतीने तो जड असतो आणि मोडला तर नवा यायला महिने जातात. तेव्हा खपाच्या यादीबरोबर शिल्लक मालाच्या किमतीची दुसरी यादी लागतेच. तिच्यात दोन प्रकारचा माल वर येतो. एक, मुद्दाम राखलेला, जसा शाफ्ट. दुसरा, निव्वळ पडून राहिलेला. जुन्या यंत्राचे भाग, यंत्र भंगारात गेले तरी रॅकवरच असतात. बिन कार्डावर शेवटची तारीख पाच-सात वर्षांपूर्वीची असेल आणि ते यंत्र आता कारखान्यात नसेल, तर तो माल विकून टाकावा. बँक त्यावर उचल देत नाही, म्हणून त्यातून आलेली रोकड सगळीच्या सगळी आपली.

शेवटी मोठ्या साठ्याविषयी. याच कारखान्याची हंगामाची साखर सव्वाआठ लाख क्विंटल. क्विंटलला ३,५०० रुपये धरले तर सुमारे २८९ कोटी होतात. बारदानाचे पाच कोटी त्यापुढे कोठे? साखर चार-पाच महिन्यांत तयार होते आणि वर्षभर विकली जाते. जून २०१८ पासून केंद्र सरकार कारखानावार महिन्याचा विक्री कोटा पुन्हा ठरवून देऊ लागले, त्यामुळे विकायचे ठरवले तरी एकदम विकता येत नाही. हा साठा कोणत्याही खरेदी-पद्धतीने हटणार नाही. खेळत्या भांडवलाची खरी गरज आणि व्याजाचा खरा बोजा तेथेच आहे.

तेव्हा येत्या सभेत स्टोअरच्या आकड्यावर जरूर बोलावे. 'माल इतका का' एवढेच विचारून थांबू नये. बारदान व रसायनांचे पैसे सरासरी कितव्या दिवशी जातात आणि पाच वर्षांत न हललेला माल किती रकमेचा आहे, ही दोन उत्तरे सभासदांनी लेखी मागावीत. संचालक मंडळानेही ती पुढच्या अहवालात छापावीत, अशी आमची विनंती आहे.