एकशे अठरा रुपयांचा माग

शिरपूर तालुक्यातील एका खेड्याचा तरुण, आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा केलेला, काही वर्षे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. पुढे तो आखातात नोकरीस गेला. दरमहा दहा हजार रुपये तो घरी पाठवी. पैसे जळगावच्याच जुन्या खात्यावर येत. धाकटा भाऊ एटीएम कार्डाने दोन दिवसांत ते काढून आणी. कारण किराणा, बियाणे आणि सोसायटीचा हप्ता यांना थांबण्याची सवय नसते. पाठीमागे खात्यात तीनशे-साडेतीनशे रुपये उरत.

एकदा आईने भावाकडून पासबुक भरून आणवले आणि दर महिन्याला कापले जाणारे ११८ रुपये कशाचे, असे फोनवर विचारले. मुलाकडे उत्तर नव्हते. पासबुकात त्या रकमेपुढे केवळ काही त्रोटक इंग्रजी अक्षरे होती. परंतु पहिला धागा त्याला त्या आकड्यातच सापडला. बँकेच्या सेवेवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ११८ ला १.१८ ने भागले की बरोबर १०० उरतात. याचा अर्थ हा हप्ता नव्हे, विम्याची वर्गणीही नव्हे. शंभर रुपयांचे बँकेचे शुल्क आणि त्यावरचा सरकारचा कर, एवढेच ते होते.

त्याने ई-मेलने दोन वर्षांचा खातेउतारा मागविला. उतारा पाहता दिसले की कारखाना सोडल्यानंतर चौथ्या महिन्यापासून ही वजावट सुरू झाली आहे आणि चौदा महिन्यांत १६५२ रुपये गेले आहेत. चौथाच महिना का, याचे उत्तर खात्याच्या प्रकारात होते. कारखान्याने उघडून दिलेले खाते पगारखाते होते. त्यात किमान शिलकेची अट नसते. मात्र तीनेक महिने पगार जमा झाला नाही, की अनेक बँका असे खाते आपोआप साध्या बचत खात्यात रूपांतरित करतात आणि त्याबरोबर किमान शिलकेची अट लागू होते. कामगाराने नोकरी सोडली हे बँकेला कळते. बँकेने खाते बदलले हे मात्र कामगाराला कळत नाही.

शाखेचे पहिले उत्तर आले ते असे, की खात्यात सरासरी दोन हजार रुपये नसल्याने दंड लागला. त्या तरुणाला हे पटेना. दरमहा दहा हजार तर जमा होत होते. तेव्हा त्याने सरासरी कशी काढतात हे विचारून घेतले. प्रत्येक दिवसाच्या अखेरची शिल्लक घ्यावयाची, तिची महिन्याची बेरीज करावयाची आणि दिवसांच्या संख्येने भागावयाचे. तीस दिवसांपैकी अठ्ठावीस दिवस ३०० रुपये आणि दोन दिवस १०,३०० रुपये, यांची बेरीज २९,००० होते. सरासरी ९६७ रुपये. तूट निम्म्याहून अधिक, म्हणून शंभराचा दंड. तेच दहा हजार सहा दिवस खात्यात राहिले असते, तर सरासरी २३०० रुपये झाली असती आणि एक पैसाही कापला गेला नसता. दंड पैसे कमी आल्याबद्दल नव्हता. पैशाची गरज तातडीची असल्याबद्दल होता. ज्याला चार दिवस थांबणे परवडते त्याला सेवा फुकट आणि ज्याला परवडत नाही त्याला ती विकत, असा हा हिशेब आहे.

मग त्याने नियम शोधला. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने, १ एप्रिल २०१५ पासून, असे बंधन घातले की किमान शिल्लक घटल्यास बँकेने ग्राहकास स्पष्ट सूचना द्यावी, शिल्लक भरून काढण्यास सूचनेपासून एक महिन्याची मुदत द्यावी आणि त्यानंतरच दंड आकारावा. दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ दंडामुळे खाते उणे होऊ नये, असेही त्यात आहे. उताऱ्यावरून तर दिसत होते की खाते बदलले त्याच महिन्याच्या अखेरीस पहिले ११८ रुपये कापले गेले. शाखेने सांगितले की मोबाइलवर संदेश पाठविला होता. त्याने दोनच प्रश्न लेखी विचारले: संदेश कोणत्या तारखेस आणि कोणत्या क्रमांकावर? भारतातील त्याचा क्रमांक परदेशी गेल्यावर बंद पडला होता. उत्तर आले नाही.

बँकेकडे लेखी तक्रार केल्यानंतर तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून ही योजना एकत्रित झाली, cms.rbi.org.in येथे परदेशातूनही तक्रार नोंदविता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. त्याने एकतिसाव्या दिवशी तक्रार नोंदवली. निर्णय होण्यापूर्वीच बँकेने सर्व १६५२ रुपये परत जमा केले. पत्रात चूक मान्य केलेली नव्हती; ग्राहकाशी असलेले संबंध ध्यानात घेऊन ही रक्कम देत आहोत, एवढेच लिहिले होते.

या पत्रव्यवहारात आणखी एक गोष्ट त्याला समजली. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाचे साधे बचत खाते परकीय चलन कायद्यान्वये अनिवासी, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे लागते. ते त्याने करून घेतले. मात्र घरखर्चाचे पैसे आता आईच्या नावे शिरपूरला उघडलेल्या मूलभूत बचत खात्यावर येतात. २०१२ च्या नियमानुसार अशा खात्यास किमान शिलकेची अट घालता येत नाही. तथापि येथेही डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण महिन्यातून चारच वेळा पैसे काढणे निश्चितपणे मोफत असते. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की स्टेट बँकेने अशा गरिबांच्या खात्यांतून चारापुढील प्रत्येक व्यवहारामागे १७ रुपये ७० पैसे घेतले आणि २०१५ ते २०२० या काळात ही रक्कम तीनशे कोटींच्या घरात गेली. १७.७० म्हणजे पंधरा रुपये आणि अठरा टक्के कर. हिशेबाची रीत तीच.

सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार सरकारी बँका व पाच मोठ्या खाजगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिलकेच्या दंडापोटी एकवीस हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्ये सोडला. कॅनरा आणि पंजाब नॅशनल बँकेने २०२५ मध्ये सोडला. खाजगी बँकांनी तो सोडलेला नाही. किमान शिल्लक किती असावी हे ठरविणे बँकांचे काम आहे, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी ऑगस्ट २०२५ मध्ये घेतली. म्हणूनच लोकपालाच्या दारात सूचना न देता घेतलेला दंड परत मिळू शकतो. दंडाची प्रथा मात्र तेथे मोडत नाही.

त्या तरुणाची दाद लागली ती त्याच्या एकट्यापुरती. त्याच कारखान्यातून, त्याच कंत्राटदाराकडून, त्याच बँकेत पगारखाती उघडलेले चोपडा, अमळनेर, धरणगावकडील किती कामगार नोकरी सोडून गेले आणि किती जणांच्या पासबुकात चौथ्या महिन्यापासून ११८ चा आकडा आहे, हे बँकेच्या यंत्राला एका क्षणात सांगता येईल. बँक ते आपणहून सांगणार नाही, आणि लोकपाल न आलेल्या तक्रारीचा विचार करीत नाही. ती यादी करण्यास पासबुके गोळा करावी लागतील आणि ज्या महिन्यात पगार थांबला त्यापासून चार महिने मोजावे लागतील. कामगार संघटनेच्या कचेरीत एका रविवारी होण्याजोगे हे काम आहे.