विश्लेषण : नवरा एचआयव्हीबाधित, पत्नी नाही… मग मूल सुरक्षितपणे कसे होते?

एचआयव्हीवरील औषधे सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळू लागल्यापासून बाधित व्यक्तीचे आयुष्य लांबले आणि लग्न, संसार, मूल हे प्रश्न पुन्हा समोर आले. जोडप्यातील एकच जण बाधित असेल, विशेषतः नवरा, तर ‘वीर्य धुऊन घ्यावे लागेल का’ ही विचारणा हमखास होते. बहुतेकांसाठी आज त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते असे का बदलले?

धुलाई म्हणजे नेमके काय?

विषाणू असतो तो वीर्यातील द्रवात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींत. पोहणाऱ्या शुक्राणूला तो सहसा चिकटत नाही. याच आधारावर इटलीतील मिलान येथे डॉ. ऑगस्टो सेम्प्रिनी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू केली. नळीतील दाट द्रावणावर वीर्य ठेवून ती यंत्रात वेगाने फिरवतात. चांगले शुक्राणू तळाशी जातात. द्रव, पांढऱ्या पेशी आणि बरेचसे मेलेले शुक्राणू वर राहतात. तळाचा भाग पुन्हा धुतात, मग त्यावर स्वच्छ द्रव घालून जे शुक्राणू पोहत वर येतात तेवढेच उचलतात. त्यातील थोड्या भागाची विषाणूसाठी पीसीआर चाचणी होते. ती निगेटिव्ह आली तरच उरलेला भाग पत्नीच्या गर्भाशयात सोडतात.

शेवटची चाचणी टाळली तर बाकी खटाटोपाला अर्थ उरत नाही, कारण धुतल्यावरही काही नमुन्यांत विषाणू सापडतो. युरोपातील केंद्रांनी हजाराहून अधिक जोडप्यांवर हे केले आणि पाठपुराव्यात तपासलेल्या एकाही पत्नीला लागण आढळली नाही. पण खर्च मोठा, प्रयोगशाळा मोजक्या. शिवाय धुण्यात बरेच शुक्राणू गमावले जातात.

गणित कशाने बदलले?

उपचारांनीच. एचपीटीएन ०५२ या चाचणीत नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती. पुण्याची ‘नारी’ संस्थाही त्यात सहभागी होती. बाधित जोडीदाराला लगेच औषधे दिल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसले. त्यानंतर युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासात, विषाणू दबलेल्या जोडीदारासोबत निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध येऊनही त्याच्याकडून एकही लागण झाली नाही. म्हणजे प्रयोगशाळेत जे वीर्यातून वेगळे काढायचे, ते रोजची गोळी शरीरातच दाबून टाकते.

प्रत्यक्षात कसे होते?

समजा, नवऱ्याने जानेवारीत औषध सुरू केले. जुलैत व्हायरल लोड तपासला, विषाणू ‘आढळला नाही’. तोवर निरोध वापरायचा. दोघांचीही गुप्तरोगांची तपासणी करायची आणि नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणीही आधीच उरकायची. शुक्राणूच कमी असतील तर महिनोन् महिने प्रयत्न करत बसण्यात काय हशील?

पत्नीची पाळी ३० दिवसांची असेल तर पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी, म्हणजे सोळाव्या दिवसाच्या आसपास, बीज सुटते. गर्भ राहण्याचे दिवस साधारण अकरा ते सोळा. याच दिवसांत निरोधाशिवाय संबंध, एरवी निरोध. पाळी अनियमित असेल तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटने लघवी तपासावी. मात्र नवऱ्याचा विषाणू दबलेला नसेल तर निव्वळ दिवस मोजून संरक्षण मिळत नाही. संबंधांची संख्या घटते, प्रत्येक संबंधातला धोका तसाच राहतो.

पत्नीने गोळी घ्यावी का?

व्हायरल लोडबद्दल खात्री नसेल, नवऱ्याच्या गोळ्या चुकत असतील, तर प्रेप उपयोगी पडते. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन यांची एकत्र गोळी रोज घ्यायची. प्रयत्नांच्या महिनाभर आधीपासून आणि नंतरही महिनाभर. त्याआधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हेपटायटिस बी यांच्या तपासण्या, पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी. नवऱ्याचा विषाणू पक्का दबलेला असेल तर या गोळीने संरक्षणात फारशी भर पडत नाही.

धोका कुठे उरतो?

बहुधा जुन्या अहवालात. वर्षापूर्वीचा ‘आढळला नाही’ हा कागद आजची हमी देत नाही. मधल्या काळात कामासाठी परगावी जाऊन पंधरा दिवस गोळ्या सुटल्या असतील तर प्रयत्न थांबवून पुन्हा तपासणी करायला हवी. हे पत्नीला मोकळेपणाने सांगितले जाते का, यावर सगळे अवलंबून आहे. बाळाला वडिलांकडून थेट लागण होत नाही, ती आईमार्फतच होते. आणि गर्भारपणात आईला नव्याने लागण झाली तर तिच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो, त्यामुळे बाळाचा धोकाही वाढतो. म्हणून दिवस राहिल्यावरही पत्नीची चाचणी सुरूच ठेवतात.

उलट, पत्नी बाधित आणि नवरा नसेल तर धुलाईचा प्रश्नच येत नाही. तिचा विषाणू अजून दबलेला नसेल तर नवऱ्याचे वीर्य बिनसुईच्या सिरिंजने घरीच योनीत सोडता येते. अर्थात बाळासाठी तिचा विषाणू गर्भधारणेआधीच दबलेला असणे केव्हाही चांगले. पुढे गर्भारपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांकडे लक्ष हवे. उपाशीपोटी डॉल्युटेग्राव्हिरसोबत घेतल्यास त्या औषध शरीरात नीट शोषू देत नाहीत. जेवणासोबत एकत्र घेतल्या तर चालते.