विश्लेषण : व्हँकोमायसिन सुरू असताना अंग लाल झाले, तर ती ॲलर्जीच असते का?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव या पट्ट्यात दुचाकीचे अपघात नवे नाहीत. पाय मोडतो, नळीच्या हाडात पट्टी आणि स्क्रू बसवले जातात आणि काही रुग्णांच्या जखमेत पुढे पू होतो. पुवाच्या तपासणीत नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजे ‘एमआरएसए’ निघाला, की डॉक्टर बहुधा व्हँकोमायसिन लिहून देतात. हे औषध सलाइनमधून सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच रुग्णाचा चेहरा, मान आणि छाती लालबुंद होऊन प्रचंड खाज सुटू शकते. नातेवाईक घाबरतात, सलाइन बंद होते आणि केसपेपरवर ‘व्हँकोमायसिनची ॲलर्जी’ अशी नोंद होते. अनेकदा ही नोंद चुकीची असते. रुग्णाला मात्र ती पुढे अनेक वर्षे भोवू शकते.

‘रेड मॅन’ प्रतिक्रिया म्हणजे काय?

व्हँकोमायसिन शिरेतून वेगाने गेले की त्वचेतील ‘मास्ट’ पेशी आपल्यातील हिस्टामिन एकदम बाहेर टाकतात. हिस्टामिनमुळे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे लाली येते, कानशिले तापतात आणि खाज सुटते. सलाइन सुरू झाल्यावर साधारण चार ते दहा मिनिटांत किंवा ते संपता संपता हा त्रास सुरू होतो. चेहरा, मान आणि धडाचा वरचा भाग या ठिकाणी तो सर्वाधिक दिसतो. काहींना पाठीत किंवा छातीत पेटके येतात, तर काहींचा रक्तदाबही उतरतो.

खऱ्या ॲलर्जीतही हिस्टामिनच बाहेर पडते, पण तिथवर पोहोचण्याचा मार्ग वेगळा असतो. ॲलर्जीत शरीराने त्या औषधाविरुद्ध आधीच ‘आयजीई’ ही प्रतिपिंडे तयार केलेली असतात आणि त्यासाठी सहसा औषधाशी पूर्वी संपर्क आलेला असावा लागतो. ‘रेड मॅन’मध्ये प्रतिपिंडांचा संबंध नसतो. व्हँकोमायसिन मास्ट पेशींवरील ‘एमआरजीपीआरएक्स-२’ नावाच्या ग्राहीला थेट चेतवते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. म्हणूनच आयुष्यातील पहिल्याच डोसलाही हा त्रास होऊ शकतो. त्याची तीव्रता मुख्यतः औषध किती वेगाने रक्तात जाते यावर ठरते.

नाव का बदलले जात आहे?

‘रेड मॅन’ हा शब्द अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी हिणवण्याच्या अर्थाने वापरला गेला आहे. त्यामुळे अलीकडच्या वैद्यकीय लेखनात ‘व्हँकोमायसिन इन्फ्युजन रिॲक्शन’ हे नाव रूढ होत आहे. आपल्याकडे या बदलाला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली ठळक दिसत नाही. ‘लाल झाला का’ एवढेच पाहणाऱ्याच्या नजरेतून अशी प्रतिक्रिया निसटू शकते. त्यामुळे खाज, उष्णतेची भावना आणि अस्वस्थता यांबद्दल रुग्णाला विचारणे आवश्यक ठरते.

वेग नेमका किती असावा?

नियम सोपा आहे. मिनिटाला १० मिलीग्रॅमपेक्षा जास्त औषध जाऊ नये आणि डोस कितीही लहान असला तरी तो किमान ६० मिनिटे चालावा. या दोन्हींपैकी जो वेळ जास्त भरेल तो धरायचा. त्यानुसार एक ग्रॅमला १०० मिनिटे लागतात, तर दीड ग्रॅमच्या पहिल्या मोठ्या डोसला १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. औषध पुरेसे पातळही करावे लागते. एका मिलीलिटरमध्ये ५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त औषध नसावे, म्हणजे एका ग्रॅमसाठी किमान २०० मिलीलिटर सलाइन हवे. द्रावण याहून दाट असेल तर शीर दुखते, सुजते.

इन्फ्युजन पंप असेल तर वेग यंत्रात भरता येतो. पंप नसेल तिथे सगळी मदार सलाइनच्या नळीवरील चक्रीवर आणि थेंबांच्या मोजणीवर असते. आपल्याकडील नेहमीच्या सलाइन सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलीलिटर होतो. एक ग्रॅम औषध २५० मिलीलिटर सलाइनमध्ये मिसळून १०० मिनिटांत द्यायचे असेल, तर मिनिटाला अडीच मिलीलिटर, म्हणजे ५० थेंब पडायला हवेत.

चूक कुठे होते?

समजा, साठ किलो वजनाच्या एका तरुणाला एक ग्रॅमचा डोस लिहून दिला आहे. हे उदाहरण काल्पनिक असले तरी हिशेब खरा आहे. औषध १०० मिलीलिटरच्या लहान बाटलीत मिसळले गेले आणि मिनिटाला ८० थेंबांनी सुरू झाले. इतर अनेक प्रतिजैविके अशीच अर्ध्या तासात दिली जातात, त्यामुळे पाहणाऱ्याला यात वावगे वाटत नाही. पण ८० थेंब म्हणजे चार मिलीलिटर आणि या दाट द्रावणाच्या चार मिलीलिटरमध्ये ४० मिलीग्रॅम औषध असते. म्हणजे मर्यादेच्या चौपट वेग झाला. बाटली २५ मिनिटांत संपली असती, पण दहाव्या मिनिटालाच रुग्ण मान खाजवू लागला. तोवर ४०० मिलीग्रॅम औषध रक्तात गेले होते.

थेंबांची संख्या एकटी काहीच सांगत नाही, ही यातली खरी गोम आहे. मोठ्या बाटलीतून पडणारे ५० थेंब सुरक्षित असतात, पण लहान बाटलीतून तेच ५० थेंब मिनिटाला २५ मिलीग्रॅम औषध पोहोचवतात. आणखी एक चूक रुग्णाच्या उशाशी घडते. हात हलल्याने किंवा खाटेची उंची बदलल्याने ठिबकण्याचा वेग बदलतो आणि कधी कधी ‘लवकर संपू दे’ म्हणून सोबतचा माणूसच चक्री सैल करतो. व्हँकोमायसिनच्या बाबतीत ही घाई थेट अंगावर उठते.

वेग योग्य असूनही त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. मॉर्फिनसारखी वेदनाशामके आणि भूल देताना वापरली जाणारी स्नायू शिथिल करणारी काही औषधेही हिस्टामिन बाहेर काढतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके तर मास्ट पेशींवरील त्याच ग्राहीला चेतवतात. अस्थिभंगाच्या रुग्णाला यातील एखादे औषध त्याच वेळी सुरू असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी व्हँकोमायसिन नियमापेक्षाही सावकाश द्यावे लागते.

त्रास सुरू झाला तर काय करतात?

पहिली पायरी म्हणजे सलाइन थांबवणे. शिरेतील सुई मात्र काढायची नसते, कारण पुढच्या औषधांसाठी तीच वाट लागणार असते. त्यानंतर रक्तदाब, नाडी आणि रक्तातील प्राणवायूची पातळी पाहतात, छाती तपासतात आणि फेनिरामिनसारखे हिस्टामिनविरोधी इंजेक्शन देतात. रक्तदाब उतरला असेल तर साधे सलाइन चढवतात. त्रास केवळ लाली आणि खाज एवढाच असेल तर तो बहुधा थोड्या वेळात ओसरतो.

तो पूर्ण ओसरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने तेच औषध पुन्हा सुरू करता येते. त्यासाठी आधीच्या वेगाचा निम्मा किंवा मिनिटाला १० मिलीग्रॅम, यांपैकी जो वेग कमी असेल तो निवडतात. वरच्या उदाहरणात ४० चा निम्मा वेग २० येतो, तोही जास्तच. म्हणून १० धरायचा. बाटलीत उरलेल्या ६० मिलीलिटरमध्ये ६०० मिलीग्रॅम औषध आहे, म्हणजे त्याला एक तास द्यावा लागेल. मिनिटाला एक मिलीलिटर, अर्थात २० थेंब. पुढचा डोस मोठ्या बाटलीत, १०० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ चालवायचा. सावकाश दिल्यावर त्रास झाला नाही, तर निदानाला मोठा आधार मिळतो. डोसपूर्वी हिस्टामिनविरोधी औषध देता येते, पण ते वेगाला पर्याय नाही.

खरी ॲलर्जी कशी ओळखायची?

व्हँकोमायसिनची खरी, जिवावर बेतणारी ॲलर्जी दुर्मीळ आहे, पण ती होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे, घसा आवळल्यासारखा होणे, आवाज बसणे, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज येणे, उलट्या होणे आणि रक्तदाब झपाट्याने कोसळणे ही तिची लक्षणे. अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या तर संशय वाढतो, मात्र गांधी दोन्ही प्रकारांत दिसू शकतात. औषध अगदी सावकाश जात असतानाही असा प्रकार घडला, तर वेगाला दोष देऊन चालत नाही.

सुरुवातीच्या मिनिटांत दोन्हींतील फरक नेहमीच स्पष्ट असतो असे नाही. अशा वेळी श्वास किंवा रक्तदाब बिघडत असेल तर निदानाच्या चर्चेत वेळ घालवायचा नसतो. ही ॲनाफिलॅक्सिस आहे असे मानून प्रौढ रुग्णाच्या मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन दिले जाते. हिस्टामिनविरोधी इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा रुग्णाला व्हँकोमायसिन पुन्हा सुरू करत नाहीत.

खातरजमा नंतर करता येते. त्रास सुरू झाल्यापासून एक-दोन तासांनी रक्तातील ‘ट्रिप्टेज’ मोजले तर ॲनाफिलॅक्सिसमध्ये ते अनेकदा वाढलेले आढळते, तर वेगामुळे झालेल्या प्रतिक्रियेत ते सहसा वाढत नाही. ही चाचणी सर्वत्र होत नाही आणि तिचा निकाल सामान्य आला म्हणून ॲलर्जी पूर्णपणे नाकारताही येत नाही. तिसरा प्रकारही लक्षात ठेवायला हवा. उपचार सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर ताप, अंगभर पुरळ आणि चेहऱ्यावर सूज आली, तर त्याचा सलाइनच्या वेगाशी संबंध नसतो. ती उशिरा येणारी गंभीर प्रतिक्रिया असू शकते आणि तीत औषध कायमचे थांबवावे लागते.

केसपेपरवर काय लिहावे?

‘ॲलर्जी’ हा एक शब्द पुढच्या डॉक्टरचा हात बांधतो. हाडातील जंतुसंसर्गाचा उपचार अनेक आठवडे चालतो. व्हँकोमायसिन बाद झाले की लिनेझोलिड, टायकोप्लॅनिन, डॅप्टोमायसिन असे पर्याय उरतात. लिनेझोलिड दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले की प्लेटलेट घटण्याची भीती असते, तर डॅप्टोमायसिन फुप्फुसात काम करत नाही म्हणून न्यूमोनियात चालत नाही. गरज नसताना हे सगळे ओढवून घेणे रुग्णाच्या हिताचे नाही.

म्हणून नोंदीत निष्कर्षाच्या आधी घडलेला प्रकार यायला हवा. डोस किती होता, किती सलाइनमध्ये मिसळला होता, तो किती वेळात गेला, कोणत्या मिनिटाला काय झाले, श्वास व रक्तदाब कसा होता, सोबत कोणती औषधे सुरू होती आणि वेग कमी केल्यावर काय झाले. वरच्या तरुणाच्या डिस्चार्ज कार्डवर इतके पुरेल : ‘व्हँकोमायसिन एक ग्रॅम, १०० मिलीलिटरमध्ये, मिनिटाला ४० मिलीग्रॅम वेगाने, दहाव्या मिनिटाला चेहरा व मानेवर लाली, खाज, श्वास व रक्तदाब ठीक, मिनिटाला १० मिलीग्रॅम वेगाने उरलेला डोस विनात्रास पूर्ण.’

नातेवाइकांनी चक्रीला हात लावू नये. खाज किंवा उष्णता जाणवताच परिचारिकेला बोलवावे आणि घरी जाताना कार्डवर ‘ॲलर्जी’ असे लिहिलेले दिसले, तर त्या दिवशी औषध किती मिनिटांत गेले होते, हे डॉक्टरांना विचारावे.