उताऱ्याबाहेरचे उत्तर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसण्याचा आमचा नेम जुना आहे. त्या नेमात गेल्या पावसाळ्यानंतर एका विद्यार्थिनीची भर पडली. ती आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील धाकटी सूनबाई. वय तिशीच्या पुढे, रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळविलेली, आणि घरात वाचनाची चाल इतकी की, जेवणाच्या पाटावरही वर्तमानपत्राची वाटणी होते. अशी ही मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत दुसऱ्या पत्रिकेत अडली, आणि तीही बहुतांशी उताऱ्यांच्या प्रश्नांत! "मास्तरकाका, गणित राहिले असते तर समजले असते. पण मला मराठी वाचता येत नाही, असे कसे म्हणू?" असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात रडू होते. साडेतीन गुणांनी तिचे वर्ष गेले होते.

ज्यांच्या घरी या परीक्षेचा वारा नाही, त्यांच्याकरिता थोडा खुलासा केला पाहिजे. या दुसऱ्या पत्रिकेत ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तासांचा अवधि असतो. २०२२ च्या परीक्षेपासून तीत शेकडा ३३ गुण मिळविले म्हणजे पुरे. ते गुण पुढील यादीत धरीत नाहीत, परंतु तेवढे न पडल्यास पहिल्या पत्रिकेचे सारे श्रम वाया जातात. प्रश्नांचा मोठा भाग उताऱ्यांवरचा. प्रत्येक प्रश्नास अडीच गुण, आणि उत्तर चुकल्यास त्याचा चौथा हिस्सा वजा. म्हणजे चुकणारे एक उत्तर बरोबर आले असते तर तीन गुणांहून किंचित अधिकच लाभ होता. सूनबाईंचे वर्ष दोन उत्तरांनी गेले, असा याचा अर्थ.

ती दोन उत्तरे कोठे गेली असावीत, हे पाहण्याकरिता आम्ही समोरच्याच मैदानावर एक उतारा लिहून तिला दिला. तो वाचकांनीही आधी एकदा शांतपणे वाचावा:

"१९२५ साली मुंबई महापालिकेने दादरच्या पश्चिमेस लोकांकरिता एक मैदान खुले केले. प्रारंभी त्याचे नाव माहीम पार्क असे होते. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. पुढे या मैदानावर क्रिकेटचे खेळही चालले आणि राजकीय सभाही भरल्या. सभांतील ध्वनिक्षेपकांचा आवाज भोवतालच्या रहिवाशांना असह्य होऊ लागला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी न्यायालयात धाव घेतली, आणि २०१० साली उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरविले. मैदान कोणाचे, हा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही. कारण ज्या गोंगाटाने रहिवाशांची झोप मोडत होती, त्याच गोंगाटात शहरातील इतर अनेकांना आपला आवाज प्रथम सापडला होता."

पहिला प्रश्न असा: उताऱ्याच्या आधारे कोणते विधान योग्य आहे? (१) न्यायालयाने मैदानावरील सर्व सभांना बंदी केली. (२) काही रहिवाशांनी न्यायालयाकडे दाद मागितल्यावर मैदान शांतता क्षेत्र ठरले. (३) संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या सभा या मैदानावर भरल्या. (४) खेळ व सभा यांच्या आवाजाला कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले.

सूनबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता तिसऱ्या विधानावर बोट ठेवले. का? तर त्यांचे आजेसासरे त्या सभांना स्वतः गेले होते, आणि ती हकीकत या घरात दर महाराष्ट्रदिनी सांगितली जाते. विधान खरे आहे, शंभर हिश्शांनी खरे आहे. परंतु उताऱ्यात त्याचे नाव नाही. उताऱ्यात 'राजकीय सभा' एवढेच आहे. कोणत्या पक्षाच्या, कोणत्या चळवळीच्या, याविषयी अक्षर नाही. घरातील आठवीतल्या मुलीने तोच प्रश्न सोडविला आणि दुसरे विधान बरोबर निवडले, कारण आजोबांची हकीकत ऐकताना ती नेहमी झोपी जाते!

सुशिक्षित प्रौढ माणसाचा नाश येथे होतो. शाळकरी मुलास उताऱ्याबाहेरचे फारसे ठाऊक नसते, म्हणून ते उताऱ्याला धरून राहते. प्रौढ माणूस उताऱ्यातला एक शब्द पाहतो आणि बाकीचे आपल्या पदरचे घालतो. प्रश्न काढणाऱ्यास हे पक्के ठाऊक असते. म्हणून जगात खरे पण उताऱ्यात नसलेले असे एक विधान तो बहुधा पेरून ठेवतोच. त्यावर उपाय एकच. निवडलेल्या विधानाखाली उताऱ्यातील ओळ बोटाने दाखविता आली पाहिजे. बोट हवेत राहिले की ते उत्तर सोडून द्यावे, मग ते कितीही खरे असो.

उरलेल्या दोन विधानांचे दोष निराळे आहेत. पहिल्यात 'सर्व' आणि 'बंदी' हे दोन शब्द बाहेरून आले. शांतता क्षेत्र ठरविणे म्हणजे आवाजावर मर्यादा घालणे. सभाच बंद झाल्या असे उतारा म्हणत नाही. थोड्याचे पुष्कळ करणारे शब्द, 'सर्व', 'केवळ', 'नेहमी', 'कधीही नाही', विधानात दिसले की पेन्सिल थांबवावी आणि तितका जोर मूळ ओळीत आहे काय, हे पाहावे. चौथे विधान सर्वांत लबाड. त्यातील प्रत्येक शब्द उताऱ्यात आहे: खेळ आहे, सभा आहेत, आवाज आहे, न्यायालय आहे. परंतु उताऱ्यात असह्य झालेला आवाज 'सभांतील ध्वनिक्षेपकांचा' आहे, खेळाचा नाही. षष्ठी कोणाला लागली हे न पाहता जो केवळ शब्द जुळवितो, तो येथे हमखास फसतो.

म्हणूनच 'आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा' हा जो उपदेश शिकवणीच्या वर्गांतून सर्रास मिळतो, तो आम्हांस मान्य नाही. तसे केल्याने डोळा अर्थ सोडून शब्द शोधू लागतो, आणि चौथ्यासारखी विधाने शब्द शोधणाऱ्यांकरिताच रचलेली असतात. एका प्रश्नास सरासरी दीड मिनिट मिळते. पाच प्रश्नांच्या उताऱ्यास साडेसात. त्यातील अडीच मिनिटे उतारा एकदा सलग वाचण्यास खुशाल द्यावी, आणि उरलेल्या पाचांत प्रत्येक प्रश्नागणिक त्या त्या ओळीकडे परत जावे.

आता दुसरा प्रश्न. लेखकाच्या म्हणण्याचा मुख्य आशय कोणता? (१) रहिवाशांची तक्रार अवास्तव होती. (२) न्यायालयाच्या निर्णयाने वाद मिटला. (३) एकाच मैदानावर निरनिराळ्या लोकांचा रास्त हक्क पोहोचतो. (४) मैदानास आजचे नाव अवंतिकाबाईंच्या आग्रहाने मिळाले.

हा प्रश्न आम्ही रात्री त्यांच्या घरी जेवणानंतर सर्वांपुढे ठेवला, आणि मोठीच गंमत झाली. सासरे, ज्यांची खिडकी मैदानावर उघडते, त्यांनी दुसरे विधान उचलले. थोरले दीर सभांचे मोठे शौकीन; त्यांनी पहिले. सूनबाईंनी चौथे, कारण त्याची ओळ बोटाने दाखविता येत होती. आमचाच नियम त्यांनी आमच्यावर उलटविला! प्रत्येकाने आपले मत उताऱ्याच्या तोंडी घातले होते. फक्त सूनबाईंची चूक निराळ्या जातीची होती. त्यांचे विधान उताऱ्यात आहेच. पण ते गौण आहे.

मुख्य कोणते आणि गौण कोणते, हे ठरविण्याची युक्ति आमच्या मीमांसकांनी फार पूर्वी बांधून ठेविली आहे. एखाद्या प्रकरणाचे तात्पर्य ठरविताना ते सहा खुणा पाहतात. त्यांतली पहिली उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता. आरंभी जे मांडले तेच शेवटी उचलून धरले असेल, तर तात्पर्य तेथे आहे असे समजावे. सहाही खुणांची गरज या परीक्षेत लागत नाही. ही एक बहुतेक वेळा पुरते. आमच्या उताऱ्याचे पहिले वाक्य पाहा: मैदान 'लोकांकरिता' खुले केले. शेवटून दुसरे वाक्य पाहा: मैदान 'कोणाचे' हा प्रश्न. मधली नावे आणि साले या दोन टोकांना जोडणारा पूल आहेत. शिवाय 'मात्र' हा शब्द पाहावा. 'एकमात्र'मध्ये त्याचा अर्थ 'केवळ' होतो. येथे तो 'परंतु' या अर्थाने आला आहे आणि निकालाच्या वाक्यावरून उताऱ्याचे तोंड फिरवितो. तो वाचला की दुसरे विधान आपोआप गळते. 'त्याच गोंगाटात' यातील 'च' वाचला की पहिलेही गळते, कारण लेखक झोप मोडल्याचे नाकारीत नाही. तो एकाच आवाजाच्या दोन बाजू दाखवितो. राहिले तिसरे.

दोन विधाने अशी निश्चित बाद झाली आणि उरलेल्या दोहोंत मन अडले, तर काय करावे, असे सूनबाईंनी विचारले. हिशेब सोपा आहे. अशा चार प्रश्नांत दोन बरोबर आले तर पाच गुण, दोन चुकले तर सव्वा गुण वजा. पावणेचार पदरात पडतात. तेव्हा उत्तर द्यावे. चारांपैकी एकही बाद करिता न आल्यास चार प्रश्नांत मिळून अर्ध्या गुणाहून थोडे अधिक, तेही दैव सम राहिल्यास; तो वेळ दुसऱ्या उताऱ्यास द्यावा हे बरे.

एक अडचण मात्र या साऱ्याने दूर होत नाही. पुष्कळ उतारे इंग्रजीतून मराठीत आणलेले असतात आणि त्यांतील वाक्ये तीन-तीन ओळी लांब जातात. तेथे आधी वाक्याच्या शेवटचे क्रियापद धरावे, मग त्याचा कर्ता शोधावा, आणि बाकीची पदे एकेक करून त्यांना लावावीत; संस्कृत श्लोकाचा अन्वय लावतो तसे. शेजारी इंग्रजी उतारा छापलेला असेल तर तेच वाक्य तेथे पाहण्यात कमीपणा नाही. केवळ मराठी भाषेच्या आकलनाकरिता घातलेल्या उताऱ्यांस ही सोय नसते.

सूनबाईंनी आता एक वही घातली आहे. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे त्या एक शब्द लिहितात: 'बाहेरचे', 'वाढविलेले', 'भलतीकडे जोडलेले', किंवा 'गौण'. पहिल्या महिन्यात चाळीस चुकांपैकी तेवीस 'बाहेरचे' निघाल्या. गेल्या महिन्यात नऊ. 'गौण' मात्र जागच्या जागी आहे, आणि त्यावर आमची रोज संध्याकाळी कट्ट्यावर वादावादी चालते.

वाचकांकरिता याच उताऱ्यावर एक विधान ठेवितो: "ध्वनिक्षेपकांचा त्रास भोवतालच्या सर्व रहिवाशांना होत होता, परंतु न्यायालयात काहीच गेले." हे उताऱ्यावरून निघते की नाही, हे घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहावे आणि मगच कागद एकत्र करावे. आमचे उत्तर पुढील अंकी.