बातमी भोपळ्यात आहे

छोट्या कारखानदारांनी पत्रकारांना धाडलेल्या ई-मेल मी बऱ्याच वाचल्या आहेत. बहुतेकींची सुरुवात 'आमच्या फर्मची स्थापना…' अशी होते आणि बातमी असलीच, तर चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. उद्योगाचं पान पाहणारी बातमीदार तिथवर पोहोचत नाही.

मिरजेत तंबोरे बनवणारा एखादा छोटा कारखाना घ्या. शस्त्रं घासणारे शिकलगर वाद्यांकडे वळले, ही कथा खरी आहे, पण अनेकदा छापून आलेली. 2024 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन साऱ्या मिरजेचं. मग या कारखान्याचं वेगळं काय? त्याचा कच्चा माल शेतात पिकतो! तंबोऱ्याचा तुंबा म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा. तो खाता येत नाही, म्हणून बाजारात त्याला दुसरं गिऱ्हाईक जवळपास नाही. वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचा, मग वाळवायचा. मध्येच अवकाळी पाऊस आला की तो कुजतो आणि मिरजेत ऑर्डर हातात असूनही काम अडतं.

म्हणून विषयाच्या ओळीत लिहा: 'सोलापुरात अवकाळी पाऊस पडला की मिरजेतले तंबोरे अडतात.' फर्मचं नाव तिथे नको. खाली पहिल्या दोन वाक्यांत हीच अडचण आणि स्वतःच्या वहीतले तीन आकडे द्या: तीन वर्षांपूर्वी भोपळा कितीला पडायचा आणि आज कितीला, रखडलेल्या ऑर्डरी किती. वहीत नसेल तो आकडा लिहू नका. बातमीदार बिलं मागणारच. 'देशातला एकमेव' हा शब्दप्रयोग तर टाळाच. शेजारच्या गल्लीतला कारागीर तो एका फोनवर खोडून काढेल.

त्यानंतर कोण बोलेल ते सांगा. इथेच बहुतेक ई-मेल लंगड्या पडतात, कारण बोलायला फक्त मालक असतो. भोपळा लावणारा शेतकरी, तंबोरा विकत घेणारा गायक आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा विकणारा दुकानदार, असे तिघे द्या. तिसरा तुमच्या विरुद्ध बोलेल, तरीही द्या. त्याच्यामुळे तुमची गोष्ट जाहिरात न राहता बातमी होते. प्रत्येकाला आधी विचारा, मगच नंबर कळवा. भोपळे कोणत्या आठवड्यात उतरवले जातात तेही लिहा, म्हणजे छायाचित्रकाराला शेतावर नेता येईल. फोटोंच्या जड फायली जोडू नका, दुवा पुरे.

एवढं दीडशे शब्दांत बसतं. एका वेळी एकाच पत्रकाराला पाठवा आणि तसं स्पष्ट लिहा. आठवड्याने एकदाच आठवण करा. तरीही उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दैनिकाकडे जायला तुम्ही मोकळे आहात.