स्वप्नाचा अर्थ आणि भीतीचा भाव

ज्योतिषी आता फोनवर आला आहे. पहिली काही मिनिटे मोफत, नंतर मिनिटाला ठरलेला दर, अशी ही सेवा असते. स्वप्नांचे अर्थ सांगणारेही तिथेच भेटतात. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सल्ल्याला पैसे मोजायचे असतील, तर तो देणाऱ्याला पारखून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवला आणि मेटोप्रोलोल ही गोळी सुरू झाली. पंधरा दिवसांनी त्यांना रोज स्वप्नात साप दिसू लागला. दचकून जाग येई, अंगाला घाम सुटे. घाबरलेल्या पत्नीने फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "घरात कुणाच्या तब्येतीची काळजी आहे ना?" तिने सगळी हकिकत सांगितली. दहा मिनिटांनी तीच माहिती "पत्रिकेत दिसते" म्हणून तिला परत ऐकवली गेली. मग निदान झाले, कालसर्प योग. अमावस्येच्या आत शांती केली नाही, तर यजमानांच्या जिवाला धोका. आधी अकराशे रुपये, मग एकवीस हजार. वर एक अट, अनुष्ठानाच्या सात दिवसांत इंग्रजी औषध बंद.

शांती झाली आणि स्वप्ने थांबली. घराला वाटले, गुण आला. प्रत्यक्षात मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांना भयानक स्वप्ने पडतात, हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी थांबली, म्हणून स्वप्ने थांबली. मात्र ही गोळी अचानक बंद केल्यास छातीत दुखणे उसळू शकते, पुन्हा झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांना सांगितले असते, तर गोळीची वेळ, मात्रा किंवा प्रकार बदलता आला असता.

या संभाषणात धोक्याच्या तीन खुणा होत्या. पहिली, भीती आणि मुदत एकत्र येणे. "अमावस्येच्या आत" हे शब्द विचार करायला, दुसऱ्याला विचारायला वेळ मिळू नये म्हणूनच असतात. दुसरी, भीती दाखवणारा आणि तोडगा विकणारा एकच असणे, आणि भीतीबरोबर रक्कम वाढत जाणे. तिसरी खूण सर्वांत गंभीर, औषध किंवा शस्त्रक्रिया थांबवण्याचा सल्ला. तो ऐकताच फोन ठेवावा.

खोटी खात्री ओळखणे थोडे अवघड असते. "तुम्ही सगळ्यांसाठी झटता, पण तुमची कदर होत नाही" हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाला लागू पडते, म्हणून ते खरे वाटते. त्याऐवजी असे विचारावे, "नेमके काय होईल, कधी होईल, आणि तसे झाले नाही तर तुमचे म्हणणे चुकले असे मानाल का?" उत्तर लिहून ठेवावे. अनर्थ टळला तर शांतीचा प्रभाव आणि घडला तर श्रद्धा कमी पडली, असे ज्याचे गणित असते, तो कधीच चुकू शकत नाही. जे कधीच चुकत नाही, ते तपासताही येत नाही.

अशी तपासणी पुण्यात झाली आहे. 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितले. सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते, तरी निम्मी बरोबर येतातच.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रकारांना शिक्षा देतो, पण नुसता ज्योतिषाचा सल्ला त्यात गुन्हा ठरत नाही. त्यामुळे इथे पारख ग्राहकालाच करावी लागते.

वाईट स्वप्ने सुरू झाली, तर तारीख लिहावी आणि त्याआधीच्या महिन्यात कोणते औषध सुरू झाले किंवा थांबले ते पाहावे. झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे किंवा घोरताना श्वास अडकणे असे काही जोडीदाराच्या लक्षात आले, तर तेही सांगावे. हा कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे. शांती करायचीच असेल तर ती नंतरही करता येते, गोळी मात्र त्या दिवशीचीही चुकवू नये.